अंथरुणात चाचपडणारे हात

मॅडम, मी फोंड्याची, वय २९. पाच आठवड्यांपूर्वी, चौतिसाव्या आठवड्यात माझं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. मला दाखवली नाही, घरच्यांनी परस्पर पुरली. तेव्हापासून रोज पहाटे एकच स्वप्न पडतं: कुठेतरी तान्हं मूल रडतंय आणि मला ती खोली सापडत नाही. जाग येते तेव्हा माझे हात वाकळीखाली चाचपडत असतात आणि ब्लाऊज दुधाने भिजलेला असतो. नवरा घाबरून बाहेर सोप्यावर झोपतो. सासूबाई म्हणतात, बाय, तिचा जीव घुटमळतोय, कपडे देऊन टाक म्हणजे थांबेल. जावेचं अडीच महिन्यांत पडलं होतं, तिला असलं काही झालं नाही. मला वेड लागतंय का? ही स्वप्नं थांबवायची कशी?

हातांपासूनच सुरुवात करते, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त भीती त्यांचीच वाटलेली दिसते. झोपेत अंथरुणात बाळ शोधणं हे बाळंतिणीचं लक्षण आहे, वेडाचं नव्हे. मॉन्ट्रिअलमध्ये स्वप्नांवर काम करणारे टोरे नील्सन यांनी २००७ साली एका सहकारी बाईंबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकत्याच बाळंत झालेल्या, गरोदर असलेल्या आणि कधीच गरोदर न राहिलेल्या अशा तीन गटांतल्या बायकांना त्यांनी स्वप्नांबद्दल विचारलं. बाळंतिणींच्या सांगण्यात एक स्वप्न फिरून फिरून यायचं: बाळ पांघरुणात कुठेतरी हरवलंय, त्याच्या जिवाला धोका आहे. त्यांतल्या अर्ध्याहून जास्त जणी स्वप्नात पडल्या पडल्या हालचाल करत होत्या, हात चाचपडत होते. आणि या बायकांची बाळं जिवंत होती.

फरक पुढे आहे. ती बाई दचकून उठते, पाळण्यात हात घालते, इवलंसं पोट खालीवर होताना हाताला लागतं आणि तिचं स्वप्न तिथे मिटतं. तुमचा हात वाकळीखाली जातो आणि तिथे काहीच लागत नाही. शोध अर्धाच राहतो, म्हणून दुसऱ्या रात्री तो पुन्हा तिथूनच सुरू होतो. बावीस वर्षं मी गोव्यातल्या बाळंतिणींबरोबर काम करतेय. ज्यांचं बाळ गेलं आणि ज्यांनी ते पाहिलं नाही, त्यांच्या स्वप्नांचं वर्म मला यातच दिसत आलंय. त्यांना मूल परत मिळणार नाही हे झोपेतल्या मनालाही कुठेतरी ठाऊक असतं. त्याला हवा असतो पत्ता: ती कशी होती, कुठे आहे, तिला कोणी नेलं.

आता दुधाचं. मूल पोटात असताना वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन दूध रोखून धरतं. वार बाहेर पडली की ते झपाट्याने उतरतं आणि दोन ते चार दिवसांत स्तन भरून येतात. शरीराला एवढंच कळतं की वार पडली. बाळ रडलं की नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्यातून चार-पाच महिन्यांनंतर गर्भ गेला तरी दूध येऊ शकतं, आणि याची कल्पना पुष्कळ बायकांना आधी कोणी देतच नाही. पाच आठवड्यांनी थोडं पाझरणं यात काही बिघाड नाही. फक्त ‘अजून येतंय का’ हे बघायला पिळून पाहू नका, कारण जितकं काढाल तितकं शरीर पुन्हा बनवतं. खूपच ठणकलं तर आराम पडेल इतकंच काढा, नीट बसणारी ब्रा घाला, थंड फडकं ठेवा. दूध आटवायची कॅबरगोलिन नावाची गोळी असते, पण तिचा खरा उपयोग पहिल्या दिवशी, आणि रक्तदाब वाढलेला असेल तर ती चालत नाही. मी मानसशास्त्रज्ञ आहे, औषधं लिहून देत नाही, म्हणून हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाच विचारा. एकच बाजू लाल, गरम झाली आणि ताप आला तर त्याच दिवशी जा. गेलात की हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. रक्त कमी असलं की रात्री पायांना चैन पडत नाही आणि झोपेचे तुकडे होतात.

झोपेचे तुकडे होणं इथे फार महत्त्वाचं आहे. आपली ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात ती बहुतेक एका विशिष्ट झोपेत. ती साधारण दर दीड तासाने येते आणि रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात सगळ्यात लांबते. म्हणून तुमची पहाटच का, याला गूढ उत्तर शोधायची गरज नाही. त्यात छाती जड झाली, घाम आला, बाहेर कुत्रं भुंकलं, की त्याच झोपेच्या मधोमध जाग येते आणि स्वप्न हाती राहतं. सलग झोपलेल्या माणसालाही स्वप्नं पडतात, सकाळपर्यंत ती पुसली जातात इतकंच. तेव्हा तुम्हाला रडणं ऐकू येतं म्हणून दूध येतं, की छाती भरते म्हणून झोपेत रडणं ऐकू येतं, हे मला नेमकं सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना ओढतात. डोळा लागता लागता रडण्याचा आवाज आल्यासारखा वाटणं, पोटात अजून लाथ मारल्यासारखं होणं, हेही याच जातीचं. उठून बसलात, दिवा लावलात की ते विरतं ना? विरत असेल तर घाबरू नका.

जावेबद्दल दोन शब्द. तिला काही झालं नाही, हे तुम्हाला तिने सांगितलं की घरच्यांनी? अडीच महिन्यांत पडलेल्या गर्भाला आपल्याकडे नाव नसतं, सुतक नसतं, चार दिवसांनी बाई शेगडीपुढे उभी असते. लंडनच्या इस्पितळांत गर्भपात किंवा नळीतला गर्भ झालेल्या बायकांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. महिन्याभराने शंभरातल्या २९ जणींमध्ये मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणं होती, नऊ महिन्यांनी १८ जणींमध्ये. दुःस्वप्नं त्या लक्षणांपैकीच एक. मात्र लवकर गेलेल्या गर्भाची स्वप्नं वेगळी दिसतात. त्यात बाळ क्वचितच असतं. न्हाणीघर असतं, रक्त असतं, हातातून निसटलेला मासा असतो, चुलीवर विसरलेलं भांडं असतं. त्यामुळे ती स्वप्नं त्या बाळाची आहेत हे खुद्द तिलाही लक्षात येत नाही. एकदा सवडीने विचारून बघा. नाही म्हणाली तर नाही, सगळ्यांनाच पडतात असं नाही.

आता चोडण बेटावरच्या एका बाईंबद्दल सविस्तर सांगते. त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

त्यांचा मुलगा छत्तिसाव्या आठवड्यात गेला. संध्याकाळपासून हालचाल जाणवेना, म्हणून रात्रीच्या फेरीबोटीने रायबंदरला उतरून इस्पितळात गेल्या. सोनोग्राफीत ठोके नव्हते. कळा आणण्याचं औषध देऊन दुसऱ्या दिवशी बाळंतपण झालं. खोलीतलं कोणीतरी म्हणालं, “बघू नकोस, मग डोळ्यांसमोरून हलणार नाही.” बाळ हिरव्या कापडात गुंडाळलं गेलं. नवरा आणि त्याचे काका ते घेऊन फेरीनेच परत गेले आणि घरामागच्या माडांच्या भाटात पुरलं. बाई तीन दिवसांनी घरी आल्या तेव्हा पाळणा माळ्यावर गेला होता आणि घरात त्या विषयावर कोणी तोंड उघडत नव्हतं.

त्या माझ्याकडे आल्या दोन महिन्यांनी. स्वप्न असं: त्या रायबंदरच्या धक्क्यावर उभ्या आहेत. फेरीतल्या बाकावर हिरवं गाठोडं राहिलंय. फेरीची फळी वर उचलली जातेय. त्यांना हाक मारायची आहे, पण कोणाला काय हाक मारायची ते सुचत नाही. फेरी सुटते, आणि त्या साडेचारच्या सुमाराला घामाघूम होऊन उठतात.

पहिले दोन आठवडे मी अर्थबिर्थ काही काढला नाही. फक्त वही दिली. सकाळी चहानंतर तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता जाग आली, स्वप्न एका ओळीत, आणि त्या क्षणी हातपाय काय करत होते. रात्री उठून लिहायचं नाही, नाहीतर झोप पुरतीच उडते. वहीतून कळलं की आठवड्यातल्या पाच रात्री हे स्वप्न येतं आणि दर वेळी त्यांच्या मुठी आवळलेल्या असतात. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना ते स्वप्न आत्ता घडतंय असं, अगदी सावकाश सांगायला लावलं. धक्का कसा आहे, पाणी चढलंय की ओहोटी, गाठोडं बाकाच्या कुठल्या टोकाला. गाठोड्यापाशी त्या थांबल्या. मी विचारलं, “जवळ जाऊन उघडलंत तर?” बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, “आत तोंडच नसलं तर?”

खरी भीती ही होती. न पाहिलेलं बाळ मनात कोरं राहत नाही, मन तिथे आपल्या भीतीचा चेहरा चिकटवतं. दोन महिने त्या मनात मुलाला व्यंग असलेला, काळानिळा, अपुरा असा पाहत होत्या आणि त्याची जबाबदारी स्वतःवर घेत होत्या.

पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं. हा माणूस बार्जवर कामाला, अंगाने धिप्पाड, खुर्चीच्या कडेवर बसला होता. मी त्याला एवढंच विचारलं की बाळ तुमच्या हातात होतं तेव्हा काय दिसलं. तो म्हणाला, हे मला आजवर कोणी विचारलंच नाही. मग सांगायला लागला. केस दाट होते, ओले, कपाळाला चिकटलेले. डावा कान जरा दुमडलेला, अगदी हिच्यासारखा. नखं वाढलेली. फेरीत त्याने गाठोडं मांडीवरच ठेवलं होतं, बाकावर नाही. खड्ड्यात ठेवताना डोक्याखाली स्वतःचा धुतलेला रुमाल घातला होता. हेही त्याच वेळी कळलं की त्यालाही स्वप्न पडतं: तो खणतोय आणि खड्डा पाण्याने भरतोय. बायकोला त्रास नको म्हणून त्याने ते कधी सांगितलं नव्हतं. एकाच खाटेवर दोघं दोन वेगवेगळ्या पहाटेंना उठत होती.

त्या रविवारी दोघं भाटात गेली. जागा त्याने दाखवली. त्यानंतर स्वप्नं थांबली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्या तीन रात्री उलट वाईट गेल्या. गाठोडं उघडलेलं आणि आत शेजारच्या मुलाचं तोंड. हे होतं. दिवसा नवं काही कळलं की रात्री मन ते उलटसुलट करून पाहतं, आणि याची आधी कल्पना दिलेली नसेल तर बाई घाबरून सगळंच सोडून देते. मी दिली होती, तरी त्यांनी फोन केलाच. आठवड्याभरात गाठोड्यात तो दुमडलेला कान दिसायला लागला. पण फेरी सुटायचीच.

तेव्हा आम्ही स्वप्न बदलून घोकण्याची पद्धत घेतली. बॅरी क्रॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांवर ती वापरून पाहिली आणि २००१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शोकाच्या स्वप्नांना ती जपून लावावी लागते. पद्धत दिसायला अगदी साधी आहे: जागेपणी ते दुःस्वप्न आठवायचं, आपल्याला हवं तसं बदलायचं, आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. जुनं स्वप्न घोकायचं नाही. वेळ दुपारची किंवा संध्याकाळची, आणि अंथरुणात तर मुळीच नाही. बाईंनी आधी असं बदललं की बाळ गाठोड्यात रडतं आणि त्या त्याला घरी घेऊन येतात. इथे मी अडवलं. मूळ पद्धतीत ‘हवं तसं बदला’ असंच सांगतात, पण मेलेलं मूल स्वप्नात जिवंत करून रोज घोकलं की रोज जाग आल्यावर ते पुन्हा जातं. हे मी सुरुवातीच्या वर्षांत एका बाईच्या बाबतीत होऊ दिलं होतं आणि त्याचे परिणाम पाहिलेत. मग दोघींनी मिळून ठरवलं: फळी उचलायच्या आधी त्या फेरीत चढतात. गाठोडं मांडीवर घेतात, कापड बाजूला करतात, कान बघतात. मनात ठेवलेल्या नावाने त्याला हाक मारतात. फेरी चोडणला लागेपर्यंत बसून राहतात. बस, इतकंच.

दुपारी भांडी झाल्यावर मागच्या पायरीवर बसून त्या हे करायच्या. सहा आठवड्यांत पाच रात्रींवरून एक रात्र झाली. गंमत म्हणजे घोकलेलं स्वप्न जसंच्या तसं कधीच पडलं नाही. एकदा त्या फेरीत होत्या, पण फेरी चालवायला कोणीच नव्हतं आणि पाणी अगदी संथ होतं. त्यांना ते आवडलं. बाळंतपणाची मूळ तारीख चवथीच्या आसपास होती. पुढच्या वर्षी घरात गणपतीवर माटोळी बांधली त्या दोन रात्री जुनं स्वप्न परत आलं. पुढच्या खेपेला गरोदर असताना बत्तिसाव्या आठवड्यापासून पुन्हा आलं. दोन्ही वेळा त्या पायरीवर जाऊन बसल्या.

तुमच्या स्वप्नात फेरी नाही, खोली आहे. पण अडकलेली जागा तीच वाटते. तेव्हा पहिलं काम घोकण्याचं नव्हे, विचारण्याचं. तुमच्या मुलीला कोणीतरी पाहिलंय. नवऱ्याने, सासऱ्यांनी, नर्सने. त्यांना दिवसा, बाहेर चालताना विचारा. रात्री अंथरुणात नको. “कशी होती?” असं मोठं विचारलं की पुरुष “आठवत नाही” म्हणून सुटतात. लहान लहान विचारा: केस होते का, कशात गुंडाळलं होतं, कोणाच्या हातात होती, नेमकी जागा कुठली, वर काय ठेवलं. एका बैठकीत एक-दोन गोष्टी पुरे. नवरा सोप्यावर झोपतो तो तुम्हाला घाबरून, असं तुम्ही म्हणता. मला शंका आहे की तो स्वतःच्या झोपेला घाबरतो, पण ते त्यालाच विचारायला हवं. कोणीच नीट पाहिलं नसेल तर इस्पितळाच्या कागदांवर निदान वजन आणि जन्माची वेळ असते, ती मागून घ्या. ‘दोन किलो शंभर ग्रॅम’ एवढ्या एका आकड्यावर महिनाभर टेकलेली बाई मी पाहिलीये.

तुम्हाला बाळ दाखवायलाच हवं होतं का? यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. २००२ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात मृत बाळ हातात घेतलेल्या आयांना नंतर जास्त त्रास झालेला दिसला, पुढच्या काही अभ्यासांत नेमकं उलटं. माझं मत असं की बळजबरीने दाखवणं आणि न विचारता लपवणं, दोन्ही चुकीचं. तुम्हाला विचारलं गेलं नाही, याचा राग तुमच्या पत्रात दबलेला आहे आणि तो योग्यच आहे. पण घरच्यांनी ते तुमचं भलं समजून केलं असणार. आणि तुम्हाला काहीच जाणून घ्यायचं नसेल, तर तेही चालेल. मग आपण दुसऱ्या वाटेने जाऊ.

एक गोष्ट वहीत नीट पारखा. तुमचं स्वप्न थोडं थोडं बदलतं का? आज वेगळं घर, उद्या वेगळा आवाज? बदलत असेल तर मन काम करतंय. पण काहींना बाळंतपणाच्या खोलीतलं तेच दृश्य, तोच दिवा, तेच वाक्य, फिल्मसारखं हुबेहूब पडतं, आणि दिवसाही फिनेलच्या वासाने ते उसळून येतं. ते शोधाचं स्वप्न नव्हे, आघाताची चकती अडकल्यासारखं असतं. तिथे वरची पद्धत एकटीने घरी करू नका. आघातावर उपचार शिकलेल्या माणसाजवळ बसूनच ते करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

झोपेच्या गोळ्या हव्यात असं घरातून सुचवलं जाईलच. काही रात्री अजिबात डोळा लागत नसेल तर मनोविकारतज्ज्ञ थोडे दिवस देतात, त्यात गैर नाही. पण मेडिकलमधून परस्पर आणून घेतलेल्या गोळ्या महिनाभर घ्यायच्या आणि एके दिवशी बंद करायच्या, असं केलं की दबलेली स्वप्नं दुप्पट जोराने येतात. दारूचंही तसंच. नवरा झोप यावी म्हणून दोन पेग किंवा मोसमात हुर्राक घेत असेल तर त्याला सांगा: पहिली अर्धी रात्र मेल्यासारखी झोप लागते, आणि दारू उतरली की उरलेल्या रात्रीत स्वप्नं दाटीवाटीने येतात. तोही स्वप्नात खड्डे खणत असेल तर ते त्याच वेळी.

आता जे थांबून चालत नाही ते. टक्क जागेपणी, दिवा लागलेला असताना बाळाचा किंवा दुसरा कोणाचा आवाज तुम्हाला काही करायला सांगू लागला. मुलगी जिवंत आहे, तिला जिवंतच पुरलं, अशी पक्की खात्री वाटू लागली. झोपायला सवड मिळत असूनही दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि तरी थकवा जाणवेना. किंवा तिच्यामागे जावं असं वाटलं, तर त्याच दिवशी घरच्यांबरोबर बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात जा. रात्र असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन करा, तो मोफत आहे. बाळंतपणानंतर येणारा तीव्र मनोविकार बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. तुम्ही त्यापुढे आला आहात आणि पत्रातून तसं काही दिसत नाही, तरी ही ओळ नवऱ्याला वाचून दाखवा. दुसरं म्हणजे दिवसभराची उदासी. गोव्यातच विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ आया नैराश्यात सापडल्या होत्या. तुम्ही नेमक्या त्याच काळात येताय, आणि रिकाम्या हातांनी. जेवण जात नसेल, सगळं निरर्थक वाटत असेल आणि हे दोन आठवडे टिकलं असेल, तर स्वप्नांच्या आधी त्यावर उपचार करावे लागतील. दहा प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पाच मिनिटांत भरून होते.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्या जीव घुटमळतोय म्हणतात, मी शोध मिटला नाही म्हणते. दोघीही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतोय. देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल तर तुम्हीही बरोबर जा आणि मुलीबद्दल जे बोलायचं ते तिथे मोठ्याने बोला. त्याने बरं वाटलेल्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. मी फक्त एका ठिकाणी अडवते. कौलात किंवा कोणा जाणत्याच्या तोंडून तुमचा दोष निघू लागला, अमुक खाल्लंस, ग्रहणात बाहेर गेलीस, तर तिथून उठून या. चौतिसाव्या आठवड्यात बाळ का गेलं याचं उत्तर वार, नाळ, रक्तदाब, साखर, जंतुसंसर्ग यांत शोधायचं असतं, आणि पुष्कळदा तपासूनही ते सापडत नाही.

कपडे देऊन टाकल्याने स्वप्न थांबत नाही. घाईने दिलेल्या कपड्यांचीच स्वप्नं पडू लागलेल्या दोघी माझ्या वह्यांत आहेत: एकीला झबली दुसऱ्याच्या दोरीवर वाळत असलेली दिसायची. निदान तुमची मूळ तारीख उलटून जाईपर्यंत काहीच देऊ नका. नंतर द्यायचे असतील तर तुमच्या हाताने द्या, आणि एक टोपरं किंवा दुपटं मागे ठेवा. ते उशीखाली ठेवून झोपलात तरी माझी हरकत नाही. पहाटे हात चाचपडायला लागला की त्याला काहीतरी लागेल.